एकाच पिनने पंपही अडवला आणि फिल्टरही

काही दिवसांपासून आमच्या वॉशिंग मशीनमधून खडखड ऐकू येत होती. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. सासूबाई म्हणाल्या, बेअरिंग गेलं असणार. नवऱ्याचं म्हणणं, मशीनचे पाय खालीवर झालेत म्हणून ते हलतंय. मी मात्र आवाज नेमका कधी येतो ते ऐकत राहिले. पाणी आत येताना नाही, कपडे घुसळले जात असताना नाही. मशीन पाणी बाहेर टाकायला लागलं की खालच्या उजव्या कोपऱ्यातून, डबीत खडा हलवल्यासारखी, टकटक सुरू व्हायची आणि पाणी संपलं की थांबायची. पिळतानाही मधूनमधून यायची, पण पिळतानाही पंप चालूच असतो.

खात्रीसाठी मशीन बंद असताना दार उघडून रिकामा ड्रम हाताने फिरवून पाहिला. ड्रम आणि त्याच्या बाहेरचा टब यांच्यामध्ये नाणं अडकलेलं असतं तर हाताने फिरवतानाही ते घासलं असतं किंवा घरंगळल्याचा आवाज आला असता. तसं काही झालं नाही. म्हणजे वस्तू टबातून खाली उतरून पंपाच्या तोंडाशी गेली होती. हे एका अर्थाने बरंच, कारण फ्रंट लोड मशीनमध्ये पंपासमोरचा फिल्टर काढला की तिथवर हात पोचतो.

एवढं कळूनही मी लगेच फिल्टर उघडला नाही, कारण मशीन चालत होतं. मग एक दिवस टॉवेल आणि चादरी लावल्या असताना टकटक बंद झाली आणि तिच्या जागी नुसती एकसुरी गुणगुण सुरू झाली. पाणी बाहेर जाईना. थोड्या वेळाने मशीनने हात टेकले आणि पडद्यावर पाणी न निघाल्याचा कोड आला. हे कोड कंपनीगणिक वेगळे असतात, पुस्तिकेत बघावे लागतात. पण गुणगुण सगळीकडे एकच सांगते: मोटरला वीज मिळतेय, फक्त पंपातल्या पंख्याला फिरता येत नाही. पंप मेलेला असता तर बहुधा आवाजच आला नसता. आणि पंखा मोकळा फिरत असता, पण बाहेरची नळी तुंबलेली असती, तर पाण्याची घुसळण ऐकू आली असती.

दाराच्या काचेतून पाणी दिसत होतं. दार उघडेना, कारण आत पाणी असेतो मशीन त्याचं कुलूप सोडत नाही. ते ओढाओढी करून उघडायचं नसतं. पाणी उतरलं की आपोआप सुटतं.

सगळ्यात आधी प्लग भिंतीतून काढला. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही. पाण्याची पातळी जास्त वाटली तर पंप आपणहून चालू करायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, आणि आपलं बोट आत असताना पंखा फिरला तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय या कामात फरशीवर पाणी सांडतंच. आमचं मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर होतं आणि तो बोर्ड जमिनीलाच टेकलेला. तो उचलून कपाटावर ठेवला, मगच पुढचं. त्यानंतर मशीनला पाणी देणारा नळ बंद केला.

टॉवेल 60 अंशांवर लावलेले होते, म्हणजे आतलं पाणी चटका बसेल इतकं गरम. फिल्टर उघडताना ते थेट हातावर आणि पायावर येतं. घाई करून उपयोग नव्हता. काचेला हात लावून ती कोमट लागेपर्यंत थांबले. टब प्लास्टिकचा असला तर तो उष्णता बराच वेळ धरून ठेवतो, हेही लक्षात असू द्यावं.

फिल्टर असतो मशीनच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली, बहुतेक वेळा उजवीकडे. त्याच्यावर एक लहान चौकोनी दार असतं. ते नाण्याने किंवा बोथट सुरीने खाचेत अलगद दाबलं की उघडतं. काही मशीनना दार नसतं, पूर्ण खालची पट्टीच ओढून काढावी लागते. आत एक गोल झाकण दिसतं, ज्याला धरायला आडवी मूठ असते. हे झाकण आणि फिल्टर एकच तुकडा. झाकण फिरवलं की मागचा जाळीदार भाग त्याच्याबरोबर बाहेर येतो. आमच्या मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटाएवढी बारीक रबरी नळी आहे, टोकाला बूच लावलेली. ती केवळ अशा वेळी पाणी काढण्यासाठी असते. सगळ्याच मशीनना ती नसते.

या नळीची अडचण एकच. ती जमिनीच्या इतकी जवळ असते की तिच्याखाली बादली जात नाही, आणि नळी वर उचलली तर पाणी येत नाही. आम्ही एक पसरट, उथळ ट्रे घेतला. नळी त्यात सोडून बूच काढलं, ट्रे भरत आला की बूच परत लावलं, ट्रे बादलीत रिकामा केला आणि पुन्हा तेच. मशीन पाण्यासकट थांबलेलं असेल तर एक बादली सहज निघते, कधी जास्तही. मुलगा ट्रे ने-आण करत होता आणि वरचेवर विचारत होता, "आई, अजून किती?" उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्या मशीनला ही नळी नाही त्यांनी झाकणच किंचित सैल करून पाणी झिरपू द्यावं, ट्रे भरला की परत आवळावं. झाकण पूर्ण काढून पाणी एकदम सोडलं तर ते सावरणं अशक्य होतं. झाकणाच्या खाली केर भरायची सुपली टेकवून तिच्यावरून पाणी ट्रेमध्ये उतरवलं तर फरशी बरीचशी कोरडी राहते.

पाणी थांबल्यावर मी झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायला घेतलं. पाव फेरा सहज गेला आणि तिथे ठप्प. जोर लावला तरी नाही. हाच या सगळ्या प्रकरणातला खरा भाग.

फिल्टर न निघायची दोन मुख्य कारणं असतात आणि ती हाताला वेगवेगळी लागतात. बरेच महिने न उघडलेल्या फिल्टरच्या आट्यांमध्ये साबणाचा राप आणि क्षार बसतो. अशा वेळी झाकण अगदी पहिल्यापासून जड जातं, सगळीकडे सारखंच जड, आणि थोडं हललं की पुढे हळूहळू सुटत जातं. दुसऱ्या प्रकारात ते काही अंतर मोकळं फिरतं आणि एका ठरावीक जागी कशावर तरी आपटून थांबतं. परत आवळून पुन्हा सोडलं तरी त्याच जागी थांबतं. याचा अर्थ आत काहीतरी आडवं आहे: एक टोक फिल्टरच्या फटीत, दुसरं फिल्टर ज्या घरात बसतो त्याच्या भिंतीला किंवा पंख्यात. आमचं दुसऱ्या प्रकारातलं होतं.

नवरा पक्कड घेऊन आलाच होता. मी त्याला थांबवलं आणि आमच्याकडे मशीन दुरुस्तीला येणाऱ्या काकांना फोन लावला. ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "ताई, पक्कड लावली का? लावली नसेल तर लावूच नका."

त्यांचं कारण पटण्यासारखं होतं. झाकण आणि मागची जाळी यांना जोडणारा भाग प्लास्टिकचा असतो. पकडीने मूठ पिळली की एक तर मूठ तुटते किंवा तो जोड तुटतो, आणि जाळी आत राहून झाकण तेवढं हातात येतं. मग पूर्ण पंपाचं घरच बदलावं लागतं. शिवाय अशी अडकलेली वस्तू बहुधा केसांची पिन असते, आणि जोर लावल्याने ती सुटत नाही, उलट पाचरीसारखी आणखी घट्ट बसते, कारण आपण तिला त्याच दिशेने ढकलत असतो जिकडे ती अडलेली आहे.

"मागे न्या, पुढे आणा," काका म्हणाले. "आवळा थोडं, मग सोडा. अडतं तिथे थांबायचं, दाबायचं नाही. पिन स्प्रिंगसारखी असते, हलवलं की सरकते."

मी तसंच करत बसले. आवळलं, सोडलं, अडलं, परत आवळलं. रबरी हातमोजा घातल्यावर ओल्या मुठीवर पकड बरी मिळाली. मधे एकदा झाकण घट्ट बसवून त्यावर लाकडी उलथन्याच्या दांड्याने हलक्या हाताने ठोकलं, म्हणजे आतला साबणाचा थर निदान भेगाळेल. बराच वेळ काही फरक नाही. मग अडायची जागा किंचित पुढे सरकल्यासारखी वाटली. आणखी काही वेळा मागेपुढे केल्यावर आतून टक् असा बारीक आवाज आला आणि झाकण सुटलं. उरलेलं पाणी गपकन् बाहेर आलं, म्हणून खाली ट्रे शेवटपर्यंत ठेवायचाच. नळीतून सगळं पाणी कधीच निघत नाही, फिल्टरच्या घरात एखादा ग्लासभर उरतंच.

झाकण सरळ ओढून बाहेर काढलं. करडा, बुळबुळीत गाळ, केसांचा गुंता, आणि त्यात केसांची काळी पिन. तिचा एक पाय जाळीच्या फटीतून आरपार गेलेला, दुसरा बाहेर मोकळा आणि टोकाला वाकलेला. त्या वाकलेल्या टोकावरचा काळा रंग घासून निघाला होता आणि धातू चकचकीत दिसत होता. उघडच ते टोक पंख्यात घुसलं होतं. पंख्याला फिरू न देणारी आणि फिल्टरला सुटू न देणारी वस्तू एकच होती. सासूबाईंनी पिन हातात घेऊन म्हटलं, "ही माझी नाही." घरात तिघींच्या पिना सारख्याच, त्यामुळे हा वाद तिथेच मिटला.

पण टकटक पिनची नव्हती. पिन गुंत्यात अडकून बसते, वाजत नाही. म्हणून बॅटरी घेऊन भोकात पाहिलं. तळाशी, गाळात निम्मं बुडालेलं, एक नाणं आडवं चिकटलं होतं.

नाणं तिथवर कसं येतं हे समजल्यावर पुढची शोधाशोध सोपी जाते. ड्रमच्या भोकांतून पिन लांबीच्या बाजूने निसटू शकते, नाणं नाही. ते खिशातून निघून ड्रमची कड आणि दाराचं रबर यांच्यामधल्या फटीतून खाली पडतं. मग टबाच्या तळातून, जाड लवचिक नळीतून, फिल्टरच्या घरात. त्या नळीतही नाणं थांबू शकतं. तेव्हा फिल्टरमध्ये काही सापडत नाही आणि खडखड चालूच राहते.

नाणं काढणं वाटलं त्यापेक्षा चिवट निघालं. टोकदार पक्कड त्याच्या सपाट, बुळबुळीत पाठीवरून निसटत होती. लोहचुंबक लावून पाहिलं, त्याला ते दादच देईना. काही नाणी चिकटतात, काही नाही, धातूवर अवलंबून आहे. पिना मात्र बहुतेक सगळ्या चिकटतात. शेवटी आधी फडक्याने गाळ टिपून काढला आणि एका लाकडी काडीने नाणं हळूहळू सरकवत घराच्या भिंतीपर्यंत नेलं. भिंतीला टेकल्यावर काडीचं टोक त्याच्या कडेखाली घालून ते उभं केलं. उभ्या नाण्याची कड पकडीत लगेच आली. पुढे ढकलताना एकच काळजी घ्यायची, ते पंख्याच्या तोंडाकडे नाही तर आपल्याकडे यायला हवं.

आत थेट बोटं घालून चाचपू नये. पिनचं टोक असतं, कधी फुटलेल्या बटणाची धार असते, आणि गाळात ते दिसत नाही. आधी बॅटरी, मग काडी, आणि सगळं मोकळं दिसल्यावरच जाड हातमोजा घालून हात.

आता पंखा. तो घराच्या आतल्या टोकाला दिसतो, लहान प्लास्टिकची पाती असलेला. काडीने एक पातं ढकलून फिरवून बघायचं. इथे बरेच जण घाबरतात, कारण तो गुळगुळीत फिरत नाही. थोडा सरकतो, थांबतो, मग झटक्याने पुढच्या जागी जातो. आम्हालाही वाटलं की अजून काहीतरी अडकलंय. काकांनी फोनवरच सांगितलं की या पंपांच्या रोटरमध्ये चुंबक असतो, त्यामुळे असं टप्प्याटप्प्याने फिरणं योग्यच आहे. काळजी करायची ती तो एका जागी कायमचा आपटून थांबला तर, घासल्यासारखा आवाज आला तर, किंवा एखादं पातं तुटलेलं दिसलं तर. आमच्या पंख्याच्या मुळाशी केस आणि दोऱ्याचा एक वळसा गुंडाळलेला होता. पंखा उलटसुलट फिरवत तो पकडीने ओढून काढला. पाती शाबूत होती.

मुळात फिल्टर सुटलाच नसता तर काय, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, मग पुढून नादी लागायचं नाही. मशीन कलतं करून खालून किंवा मागचा पत्रा काढून पंपाची मोटर फिल्टरच्या घरापासून वेगळी करायची. ती काही स्क्रूंवर किंवा पिळून बसवलेल्या खाचेवर असते. म्हणजे पंख्याच्या बाजूने आत जायला वाट मिळते आणि पिन मागून मोकळी करता येते. हे काम येणाऱ्यानेच करावं. फ्रंट लोड मशीनमध्ये हादरे कमी करायला बहुतेक वेळा काँक्रीटचं वजन घातलेलं असतं, ते एकट्याने कलतं करायच्या भानगडीत पडू नये.

परत बसवणं फार वेळाचं काम नाही, पण गळती इथेच ठरते. जाळी नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासली. झाकणाच्या मागे एक रबरी रिंग असते. तिच्यावरून बोट फिरवलं तेव्हा एक केस लागला. दिसायला काहीच नाही, पण असा एक केस किंवा वाळूचा कण रिंगखाली राहिला की झाकण कितीही आवळा, थेंब थेंब पाणी येत राहतं. रिंग पुसली, ती बसते ती कड पुसली, आट्यांमधला राप काडीने काढला. मग झाकण सरळ आत सरकवून आधी आवळायच्या उलट्या दिशेने हलकेच फिरवलं, आटे खाचेत बसल्याचा टक् जाणवल्यावर आवळलं. वाकडे आटे चढले तर झाकण तिरकं दिसतं आणि पहिल्याच फेऱ्यात जड जातं. तेव्हा परत काढून बसवायचं. शेवटी मूठ आडवी किंवा उभी, पूर्वी होती तशीच यायला हवी. आमच्या झाकणावर खूण आहे, ती घरावरच्या खुणेसमोर आली. बारीक नळीचं बूचही नीट दाबून तिच्या खोबणीत परत बसवलं. ते विसरलं तर फिल्टर उत्तम बसूनही फरशीवर तळं होतं.

तपासायला लगेच पूर्ण धुणं लावलं नाही. खालचं लहान दार उघडंच ठेवून झाकणाखाली कोरडा कागद पसरला, साबणाच्या खणातून दोनेक लिटर पाणी ओतलं, आणि कोरड्या हातांनी प्लग लावून फक्त पाणी काढायचा प्रोग्राम चालवला. पंपाचा आवाज पाण्याबरोबर भरीव होता आणि पाणी संपल्यावर बदलून खरखरीत झाला, म्हणजे हवा ओढायला लागला. असाच तो असायला हवा. कागद कोरडा राहिला. मग टॉवेल, ज्यांना एव्हाना वास यायला लागला होता, पुन्हा धुवायला टाकले आणि पहिलं पाणी निघेपर्यंत मी तिथेच बसून होते.

फिल्टर काढून ठेवून मशीन चालवायचं नसतं, हे मुलाला मुद्दाम सांगितलं, कारण त्याने तसं सुचवलं होतं. झाकण हेच त्या भोकाचं बूच आहे. मशीनला पाणी भरलं की ते सगळं तिथूनच बाहेर आलं असतं.

पिना आमच्याकडे बहुतेक केसांना गुंडाळलेल्या टॉवेलमधून आणि उशीच्या अभ्र्यांमधून येतात. त्यामुळे ते झटकून मगच आत जातात. नाण्यांसाठी खिसे तपासावेच लागतात, पण आणखी एक जागा असते: दाराच्या रबराची खालची घडी. वस्तू आत पडायच्या आधी पुष्कळदा तिथे थांबते. टॉवेल धुऊन निघाल्यावर मी ती घडी उलटून पाहिली, तर आणखी एक पिन त्यात पडलेली होती. याही वेळी सासूबाई म्हणाल्या की ही त्यांची नाही.